ऐनवेळी पाहुण्यांचा परिचय : घाबरलेल्या लिपिकाची कथा कशी लिहावी

कार्यालयातला एक कनिष्ठ लिपिक, कार्यक्रमाला जेमतेम अर्धा तास उरलेला आणि साहेबांचा हुकूम : प्रमुख पाहुण्यांचा परिचय तुम्ही करून द्यायचा. या प्रसंगावर कथा लिहायला बसलेल्या लेखकासमोर दोन तयार वाटा असतात. पहिलीत लिपिक अडखळत सुरुवात करतो, मग मनापासून बोलू लागतो आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून जाते. दुसरीत त्याची फजिती होते आणि वाचक हसतात. दोन्ही वाटांवर वाचक एकच प्रश्न घेऊन चालतो, त्याला बोलता येईल की नाही, आणि त्या प्रश्नाला दोनच उत्तरे असल्यामुळे शेवट आधीच ओळखू येतो. पुढे मांडलेल्या पद्धतीत हा प्रश्न बदलायचा आहे. लिपिकाला पाहुण्यांविषयी असे काहीतरी ठाऊक असावे जे हातातल्या कागदावर नाही, आणि ते बोलावे की गिळावे हे त्याला व्यासपीठावर उभे राहून ठरवावे लागावे.

उदाहरणासाठी नगरपरिषदेचे कार्यालय घेऊ आणि दिवस २७ फेब्रुवारीचा, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जयंतीचा, मराठी भाषा गौरव दिनाचा घेऊ. हा दिवस सोयीचा आहे, कारण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने मालमत्ता कर आणि पाणीपट्टीच्या वसुलीची धावपळ शिगेला पोहोचलेली असते. त्यामुळे कार्यक्रम करावा तर लागतो, पण मन लावून करायला कोणालाच वेळ नसतो. फलकावर हमखास ‘मराठी राजभाषा दिन’ असे छापून येते. तो दिवस १ मे रोजी असतो, हे फलक टांगून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते. हा तपशील कथेत एका वाक्यापुरता जरूर घ्यावा, मात्र त्यावर विनोदाची इमारत उभारू नये. आपली कथा फलकाची नाही.

लिपिकाचे टेबल आधी ठरवा

बहुतेक लेखक पात्राचे नाव, वय आणि घरची परिस्थिती ठरवतात आणि टेबल तसेच सोडून देतात. कार्यालयात मात्र माणसाची ओळख टेबलावरून होते. आस्थापना, लेखा, वसुली, आवक-जावक यांपैकी कोणत्या टेबलावर तो बसतो, यावर त्याला काय ठाऊक असणार आणि कशाची भीती वाटणार हे अवलंबून असते. आपल्या लिपिकाला जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसवू. सहकारी त्याला हाकही तशीच मारतात, ‘अहो जन्म-मृत्यू, जरा इकडे या.’ या एका हाकेने त्याचे कार्यालयातले स्थान दिसते, आणि लेखकाला ‘तो दुर्लक्षित होता’ असे वाक्य लिहावे लागत नाही.

या टेबलावर बसणाऱ्याला दिवसभर एकाच प्रकारच्या गोष्टी कळत असतात : नाव, तारीख, ठिकाण, आईबापांची नावे आणि खबर कोणी दिली. जुन्या नोंदवह्या उघडल्या की आणखी एक गोष्ट दिसते. जन्माची नोंद त्या वेळी होऊन गेलेली असते, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण नाव ठेवले जाण्याआधीच कोणीतरी येऊन खबर देऊन गेलेले असते. लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’, पित्याच्या रकान्यात वडिलांचे नाव आणि मुलीच्या नावाच्या जागी काहीच नाही. आपल्या कथेचे बीज या कोऱ्या रकान्यात आहे.

पाहुण्या बाईंना याच गावात जन्मलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका करू. महिनाभरापूर्वी त्या खिडकीवर येऊन आपल्या जन्माच्या नोंदीची नक्कल मागून गेल्या आहेत. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५१ ही तारीख आहे. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जून असतो, आणि त्याचे कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, घरच्यांना तारीख सांगता येत नसे आणि मुलाचे वय बसले पाहिजे म्हणून गुरुजी प्रवेशाच्या वेळी १ जून लिहून टाकत. आपल्या लिपिकाने जुनी वही काढून पाहिली तेव्हा वडिलांच्या नावासमोर निघाली २३ ऑक्टोबर १९५१. नाव नाही, फक्त ‘स्त्री’.

ही घटना कथेच्या पहिल्या तृतीयांशात यावी आणि ती किरकोळ कटकटीसारखी यावी. वही जीर्ण आहे, पान उलटताना तुकडे पडतात, रांगेतली माणसे कुरकुरत आहेत आणि बाई म्हणतात, ‘कुठल्या कामाला नको आहे हो, नुसते पाहायचे आहे.’ खिडकीवर येणारा प्रत्येक जण कशाच्या तरी कामासाठी दाखला मागतो, त्यामुळे हे उत्तर लिपिकाला विचित्र वाटते आणि म्हणून लक्षात राहते. वाचकाच्याही ते लक्षात राहते, पण पुढे ते कामाला येणार आहे अशी शंका त्याला येऊ नये. ही भेट संपताच कथा लगेच दुसरीकडे वळली पाहिजे. दोन वाक्ये जास्त रेंगाळलात तर पुढचे सगळे उघडे पडते.

काम त्याच्यावरच का आले

‘अचानक’ या शब्दावर विसंबून राहू नये. ज्याने परिचय करून द्यायचा होता तो नेमका का नाही आणि दुसऱ्या कोणाला का सांगितले नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कथेत असली पाहिजेत. आजारपण, अपघात वगैरे कारणे कथेत फार जागा खातात. कार्यालयाच्या आतूनच निघालेले कारण चांगले. जिल्हाधिकारी कार्यालयाची व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवरची बैठक लागली आहे, मुख्याधिकाऱ्यांनी कार्यालय अधीक्षकांना म्हणजे ओएस साहेबांना वसुलीचे आकडे घेऊन शेजारी बसायला सांगितले आहे, आणि परिचय ओएस साहेबांच्याच वाट्याला होता. वसुलीचे लोक गावात गेलेले आहेत. सूत्रसंचालन करणारा लेखा विभागातला वरिष्ठ लिपिक ‘मी संचालन करू की परिचय करू’ म्हणून मोकळा झालेला आहे. उरले कोण, तर जन्म-मृत्यू.

> ‘अहो जन्म-मृत्यू, हे घ्या. बाईंचा परिचय तुम्ही करून द्यायचा.’
> ‘साहेब, मी?’
> ‘मग काय व्हीसीत बसून मी करू? दीड पान आहे. वाचून दाखवायचे.’

संवाद एवढाच पुरे. वरिष्ठ कामाचे कारण देत नाही आणि कनिष्ठ नकाराचे कारण देत नाही, ही कार्यालयाची रीत आहे. ‘मला जमणार नाही, साहेब, मला स्टेजची भीती वाटते’ असे वाक्य लिपिकाच्या तोंडी घातले की तो कार्यालयातला माणूस राहत नाही. तो कागद घेतो आणि टेबलाकडे परततो. त्याची भीती पुढे कागदाशी होणाऱ्या झटापटीतून दिसली पाहिजे.

कार्यक्रमपत्रिका स्वतः लिहून काढा

कथेत ती छापायची नसली तरी लेखकाजवळ ती हवी. प्रतिमापूजन आणि दीपप्रज्वलन, राज्यगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. परिचय सत्काराच्या आधी येतो, कारण शाल कोणाला दिली जात आहे हे सभेला आधी कळायला हवे. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की हाच क्रम बिघडतो. नगराध्यक्षांना पुढे जायचे असते, म्हणून सत्कार अलीकडे ओढला जातो आणि परिचय शाल-श्रीफळानंतर लोंबकळत राहतो. कथेत या गडबडीचा उपयोग करून घ्यावा. आपला लिपिक मनात मोजत बसला आहे की अजून प्रास्ताविक व्हायचे आहे, म्हणजे दहा मिनिटे हातात आहेत, आणि प्रास्ताविक करणारे दोन मिनिटांत खाली बसतात. ताण वाढवायला आणखी काही लागत नाही.

अशा माणसाला नेमकी कशाची भीती वाटते, हेही इथेच स्पष्ट करून घ्यावे. समोर बसलेल्या साठ माणसांची त्याला फारशी भीती वाटत नाही. त्यातल्या निम्म्यांना तो रोज डबा खाताना पाहतो. भीती असते ती व्यासपीठावरच्या नावांच्या क्रमाची. नगराध्यक्षांचे नाव उपनगराध्यक्षांच्या नंतर आले, किंवा एखाद्या सभापतींचे राहूनच गेले, तर ते आठ दिवस ऐकून घ्यावे लागेल, हे त्याला पक्के माहीत आहे. म्हणून त्याने पहिली दहा मिनिटे परिचय वाचण्यात न घालवता व्यासपीठावर कोण कोण बसणार याची यादी करण्यात घालवावीत. मग पाण्याच्या बाटल्या मांडत असलेला शिपाई त्याची यादी पाहतो आणि म्हणतो, ‘अध्यक्षमहोदय आणि व्यासपीठावरील मान्यवर म्हणा की. नावे संचालन करणारा घेतोच आहे.’ हा व्यवहारज्ञानाचा सल्ला खरोखर उपयोगी आहे. कार्यालयातले असले शहाणपण बहुधा शिपायाकडेच असते, त्यामुळे तो त्याच्याच तोंडी शोभतो. लिपिकाची दहा मिनिटे वाया गेली आणि वाचकाला तो माणूस कळला.

परिचयाचा कागद : कथेचा कणा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. कागद स्वतः लिहून काढावा, अगदी त्यातल्या वाईट मराठीसकट. बाईंच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला आणि संगणक चालकाने छापून दिलेला तो कागद आहे. वर जन्मतारीख १ जून १९५१, मग शिक्षण, नोकरी, निवृत्ती, अकरा पुरस्कारांची यादी, आणि मध्ये मध्ये ‘सुप्रसिद्ध साहित्यिका’, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’, ‘ज्ञानाचा अथांग सागर’. ओएस साहेबांनी पेन्सिलीने काही ओळींवर खुणा केल्या आहेत, पण खूण म्हणजे वाचा की गाळा, हे कळायला मार्ग नाही आणि साहेब तर व्हीसीत आहेत.

आता आपला लिपिक हा कागद कसा वाचेल? त्याचे काम पुराव्याने चालते. रुग्णालयाचा कागद असल्याशिवाय तो तारीख लिहीत नाही. त्यामुळे ‘सुप्रसिद्ध’ या शब्दाशी तो थबकतो आणि याला आधार काय, असे त्याच्या मनात येते. तो लाल पेनने विशेषणे खोडू लागतो. त्याला भाषेची जाण आहे म्हणून तो हे करत नाही, तर उद्या कोणी विचारले तर दाखवायला कागद नाही, म्हणून करतो. घाबरटपणातूनच चांगला मजकूर तयार होत जातो, आणि तसा तो होत आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. ही गंमत लेखकाने स्पष्ट करून सांगू नये. खोडलेल्या ओळी दाखवाव्यात आणि पुढे जावे.

विशेषणे गेल्यावर कागदावर फारच थोडे उरते, आणि तेव्हा त्याला खिडकीवरची ती दुपार आठवते. रांग पुढे सरकेपर्यंत बाईंनी पिशवीतून एक वही काढली होती. जात्यावरच्या ओव्या, गावोगावच्या बायकांकडून लिहून घेतलेल्या. प्रत्येक ओवीखाली सांगणारीचे नाव, गाव, तारीख. नोंदणी करणाऱ्या माणसाला ती वही बघताच आवडली होती, कारण एकही रकाना रिकामा नव्हता. हा तपशील पुतण्याच्या कागदावर नाही. तो लिपिकाने स्वतः पाहिला आहे, म्हणजे त्याच्या हिशेबात त्याला पुरावा आहे.

आणि मग उरते जन्मतारखेची ओळ. कागद म्हणतो १ जून. नोंदवही म्हणते २३ ऑक्टोबर. खोटे वाचायचे त्याच्या जिभेला वळण नाही. खरे वाचावे तर काय होईल, याचा विचार लेखकाने नीट करायला हवा, कारण इथे धोका खरा असेल तरच कथेला वजन येते. बाईंची सगळी नोकरी शाळेच्या दाखल्यावरच्या तारखेवर झाली आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून १ जूनवाले ३१ मे रोजी घरी जातात, आणि त्या दिवशी शाळाशाळांतून निरोप समारंभांची रांग लागलेली असते. बाईही ३१ मे २००९ रोजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. खरी तारीख धरली असती तर आणखी पाच महिने मिळाले असते. म्हणजे तारखेत त्यांचे नुकसानच झाले आहे. तरी भर सभेत नगरपरिषदेच्या लिपिकाने वेगळी तारीख सांगितली, तर ऐकणारा बाईंनीच काही लपवले असा अर्थ काढणार. शिवाय खिडकीवर कळलेली गोष्ट ध्वनिक्षेपकावरून सांगण्याचा त्याला अधिकार काय, हा प्रश्न आहेच. पाच महिन्यांचा हिशेब कथेत एका वाक्यात यावा. त्याहून जास्त झाला तर तो निवृत्तिवेतनावरचा लेख होईल.

प्रत्यक्ष परिचय पूर्ण लिहा

पुष्कळ कथांमध्ये नेमक्या या ठिकाणी ‘आणि तो बोलू लागला’ असे म्हणून लेखक पळ काढतो. तसे करू नये. सगळी कथा ज्या मजकुराभोवती फिरली तो वाचकाला ऐकायला मिळालाच पाहिजे. पाऊणशे शब्द पुरतात. सावकाश वाचले तर मिनिटभर लागेल, घाबरलेला माणूस ते पस्तीस-चाळीस सेकंदांतच संपवेल. नमुना असा :

> ‘अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि सहकारी हो. आजच्या पाहुण्या बाई आपल्याच गावच्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांनी छत्तीस वर्षे शिकवले आणि २००९ साली त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. शाळा सुटल्यावर त्या बायकांजवळ बसून जात्यावरच्या ओव्या लिहून घेत. अशा सहा वह्या त्यांच्याकडे आहेत. प्रत्येक ओवीखाली ती सांगणाऱ्या बाईचे नाव आहे. अमक्याची बायको, तमक्याची आई असे नाही. तिचे नाव. एकही रकाना कोरा नाही. त्यांना मी दोन शब्द बोलण्याची विनंती करतो.’

‘रकाना’ हा शब्द त्याच्या तोंडून सहज निघतो, कारण तो त्याचा रोजचा शब्द आहे. सभेला तो थोडा विचित्र वाटतो, वाचकाला मात्र कोऱ्या रकान्यातली ती मुलगी आठवते. जन्मतारीख मजकुरात कुठेच नाही, हे निवेदकाने सांगायचे नाही. शेवटच्या वाक्यात त्याची चूकही आहे. विनंती करण्याचे काम सूत्रसंचालकाचे असते, शिवाय सत्कार अजून व्हायचा आहे. घाबरलेला माणूस अशीच चूक करतो, म्हणून ती राहू द्यावी. सूत्रसंचालक लगबगीने पुढे येऊन ‘तत्पूर्वी बाईंचा सत्कार’ म्हणतो आणि कार्यक्रम पुढे सरकतो.

कुठे थांबायचे

टाळ्या लिहू नयेत. बाईंनी त्याच्याकडे पाहून डोळे पुसणे, नंतर जवळ येऊन ‘तुम्ही माझे नाव राखलेत’ म्हणणे, हे तर मुळीच नको. त्या शिक्षिका आहेत, त्यांना जे समजायचे ते समजले असेल, आणि त्यांना समजले की नाही याची शंका वाचकाच्या मनात राहिलेलीच बरी. शेवट चहाच्या टेबलाशी, वरिष्ठाच्या प्रश्नावर करावा. ओएस साहेब व्हीसी संपवून आलेले आहेत आणि हातात बशी धरून सहज विचारतात, ‘जन्मतारीख वाचली नाहीत म्हणे? मी खूण केली होती.’ म्हणजे खुणेचा अर्थ वाचा असा होता. लिपिक म्हणतो, ‘साहेब, वाचायची राहिली.’ आणि साहेब म्हणतात, ‘असू द्या. दुपारी ते दाखले सहीला पाठवा.’ इथे कथा संपते. पुराव्यावाचून शब्दही न लिहिणाऱ्या माणसाने वरिष्ठाला खोटे सांगितले, आणि ते पचलेही. याहून मोठा बदल एका सकाळीत घडत नाही.

पुनर्लेखन करताना आधी ‘घाबरला’, ‘घाम फुटला’, ‘छाती धडधडली’ यांवर काट मारून पाहावी. त्यांच्यावाचून भीती जाणवत नसेल तर नावांची यादी आणि पेन्सिलीच्या खुणा हे दोन प्रसंग पुरेसे रंगलेले नाहीत, असे समजून तेच पुन्हा लिहावेत. कथा दीड हजार शब्दांच्या आसपास राहावी. दोन हजारांच्या पुढे गेली तर बहुधा खिडकीवरचा प्रसंग लांबलेला असतो किंवा बाईंचे भाषण आत शिरलेले असते. भाषणाला या कथेत जागाच नाही. शेवटी हुद्दे तपासावेत. मुख्याधिकारी नगरपरिषदेत असतात, पंचायत समितीत गटविकास अधिकारी आणि महानगरपालिकेत आयुक्त. कार्यालय बदलले तर त्याबरोबर टेबल, हाक मारण्याची रीत आणि व्हीसीला कोण कोणाला घेऊन बसेल हेही बदलते. अशा कार्यालयात नोकरी केलेल्या एखाद्या माणसाकडून मसुदा वाचून घेतला तर या चुका पहिल्याच वाचनात सापडतात.